तुमचं काय सुटतं?

“काकू, सगळ्या गल्लीची मिरची तुम्हीच आणता, मग त्यात तुमचं काय सुटतं?”

पैसा सुटत नाही. नंदुरबारचा व्यापारी नमुना म्हणून मूठभर मिरची हातावर ठेवतो, ती मी घरी नेते, एवढं कबूल. बाकी वही कुणीही उघडावी.

भावावरून आपल्यात कधी वाजलं नाही. वाजतं ते तुटीवरून. ओली लाल मिरची वाळली की साधारण चौथा हिस्सा उरतो. पैसे मात्र ओल्या वजनाचे गेलेले असतात.

त्या वर्षी आठ घरांची मिळून 200 किलो घेतली. त्यात खानावळवाल्या भाऊंची 80 आणि कोपऱ्यावरच्या आजींची 5. माझ्या गच्चीवर सगळी एकत्र पसरली आणि वाळत आली असताना रात्री अवकाळी पाऊस झाला. ताडपत्री टाकेपर्यंत कडेची भिजलीच. पुढे चार दिवस ऊन मिळालं, वरून लाल दिसत होती, पण मोडून पाहिली तर आत बियांपाशी करडी बुरशी. अशी मिरची नुसती फटकी नसते. फटकीचा रंग उडतो, ती स्वस्तात तरी खपते. बुरशीची दळायचीच नाही. सहा किलो वाळलेला माल मी उकिरड्यावर टाकला. 50 व्हायची तिथे 44 उरली.

म्हणजे भाऊंना 17 किलो 600 ग्रॅम. त्यांनी 20 धरले होते. “भाव मनामुये पडना, मंग मन्हीच मिरची कमी का?” वर म्हणे, त्यांची भिंतीकडची होती, भिजलीच नाही. अहो, ढीग एकच होता! तूट सगळ्यांची ओल्या किलोमागे सारखीच धरली. आजींनाही 1 किलो 100 ग्रॅमच मिळाली.

पण त्यांचं पहिलं वाक्य मला अजून टोचतं. 80 किलोचा गिऱ्हाईक नसता तर व्यापाऱ्याने तो भाव दिलाच नसता, हे खरंय. टेम्पोचे 1,200 रुपये मी वजनावर वाटले होते: त्यांना 480, आजींना 30. टेम्पो तर तेवढाच पळणार होता, म्हणून आधीची मी घरटी 150 घेऊन मोकळी झाले असते. पण मग आजींना 5 किलोला 150? आणि भाव पाडून देणाऱ्यालाच सगळ्यात जास्त भाडं, तेही पटत नाही.

यंदा भाऊंनी पुन्हा 80 सांगितलेत. तुटीचा नियम तोच, आणि तो आगाऊ पैसे घेतानाच ऐकवलाय. टेम्पोचं निम्मं घरटी, निम्मं वजनावर करावं असं त्यांचं म्हणणं आहे. आजींना तेव्हा 90 पडतील. मी अजून हो म्हटलेलं नाही.