मागच्या रांगेतले चेहरे

स्मरणिकेसाठी गॅदरिंगचे फोटो निवडायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं, कारण मी लग्नाचे फोटो काढतो, आणि खरं सांगतो, मला मनापासून हवंच होतं ते. शाळेच्या कपाटातून अल्बम निघाले, सोबत निगेटिव्हच्या पट्ट्या, आणि अलीकडच्या वर्षांचा सगळा पेनड्राइव्ह.

आमच्या कोळीनृत्याचे तीन फोटो समोर ठेवले. एकच नाच, एकच स्टेज, पण तिन्ही फोटो पूर्ण वेगळे. पहिला समोरून फ्लॅश मारलेला. पुढच्या रांगेतल्या मुली पांढऱ्याफटक आणि मागची रांग काळोखात. याचं कारण साधं आहे, फ्लॅशपासून पुढची रांग ३ मीटरवर आणि मागची ६ मीटरवर असेल तर अंतर दुप्पट झालं पण उजेड निम्मा नाही, पावच पोचतो. फोटोग्राफरने पुढच्या रांगेचा अंदाज धरला की मागची गेली आणि मागचीचा धरला की पुढची जळाली.

आता इथे लोक चटकन म्हणतात की पुढचे चेहरे पांढरे झालेत, फोटो बाद. तसं नसतं. रोलच्या जमान्यात प्रिंट पांढरी दिसली तरी निगेटिव्हमध्ये उजेडाच्या भागातलं बरंच काही शिल्लक असतं, म्हणून मी ती पट्टी शोधून स्कॅन केली तर पुढच्या मुलींच्या नाकातल्या नथी, कपाळावरच्या टिकल्या सगळं परत आलं!! मागची रांग मात्र नाही आली. तिथे फिल्मवर उजेडच पडला नव्हता, कितीही उजळवा, दाणे दिसतात, चेहरा नाही. डिजिटलमध्ये बरोबर उलटं, तिथे काळोखातलं थोडंफार वर ओढता येतं पण एकदा पांढरं जळालं की गेलं ते गेलंच. म्हणून जुन्या फोटोत मी आधी काळोख बघतो आणि नव्या फोटोत आधी पांढरे फेटे आणि शर्ट.

दुसरा फोटो फ्लॅशशिवाय, नुसत्या हॅलोजनवर. उजेड छान, पुढेमागे सारखा पसरलेला, थंबनेल लहान करून बघितला तर तिन्हींत हाच उठून दिसतो, कमिटीतल्या बऱ्याच जणांना हाच आवडला. मी तो १०० टक्के झूम करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेहरा चेहरा बघत गेलो. शटर हळू होता त्यामुळे उडी मारलेली मुलं हललेली, दोघांच्या तोंडावर वल्हं आलेलं, आणि मागच्या रांगेतले तिघे पुढच्यांच्या टोप्यांआड. एवढ्या लांबून काढलेल्या फोटोत दुसरी अडचण छपाईची. आपलं स्टेज २४ फुटी, स्मरणिकेत फोटो ७ इंच रुंद, म्हणजे चेहरा छापून येणार जेमतेम साडेतीन मिलिमीटर, हरभऱ्याच्या दाण्याहून लहान. त्यात तो हललेला असेल तर ओळखणार कोण?

तिसरा फोटो बाजूच्या पायऱ्यांवरून काढलेला, थोडा अंधारा, दिसायला तिन्हींत सगळ्यात साधा. पण तिरक्या कोनामुळे दोन्ही रांगांमधल्या फटी उघडल्या आणि प्रत्येक चेहरा सुटा दिसला, आणि क्षणही असा की पोरं वल्हं मागे ओढून थांबलीत, त्यामुळे कुणी हललेलं नाही. यात खटकणाऱ्या गोष्टी दोन होत्या. उजवीकडे माइकचा स्टँड आणि लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, त्या कडेला असल्याने क्रॉपमध्ये गेल्या. दुसरी गोष्ट त्रासदायक, मागच्या पडद्यावर थर्माकोलची चमकीची अक्षरं, त्यातलं एक बरोबर मधल्या मुलाच्या डोक्यातून निघाल्यासारखं दिसत होतं. क्रॉप करावं तर शाळेचं नाव अर्धं तुटणार. मी अक्षर पुसलं नाही, स्मरणिकेत जुना पडदा जसा होता तसाच दिसायला हवा असं माझं ठाम मत आहे. फक्त पडद्याचा भाग थोडा गडद केला आणि चमकी खाली आणली, मग नजर आपोआप चेहऱ्यांवर जाते.

अलीकडच्या गॅदरिंगच्या फोटोंचं दुखणं वेगळं, एलईडी पारचे लाल लाइट. डिजिटल फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांच्या थरांचा, म्हणजे चॅनेलचा बनतो, लाल उजेडात चेहरा नुसता सपाट डाग होतो कारण त्यातला लाल चॅनेल पूर्ण भरून जातो, एक्स्पोजर कमी करून काही परत येत नाही. पण हिरवा चॅनेल वेगळा काढून बघा, बऱ्याचदा त्यात डोळे, भुवया, हसू व्यवस्थित असतं, तेवढ्यावरून ब्लॅक अँड व्हाइट करता येतो. दाणे येतात थोडे, चालतंय. लेझीमचा फोटो तसाच केलाय.

कोळीनृत्याला मी तिसऱ्या फोटोवर अडून बसलो. कमिटीला पटायला वेळ लागला, मग मी तिन्ही फोटो छपाईच्या साइजमध्ये साध्या कागदावर काढून आमच्या बॅचच्या मुलींना दाखवले आणि विचारलं, नावं सांगा. दुसऱ्यात मागची रांग ओळखताना सगळ्या अडल्या. तिसऱ्यात शेवटच्या मुलापर्यंत नावं आली, तीच आता फोटोखाली डावीकडून उजवीकडे, आधी मागची रांग, मग पुढची अशी छापली आहेत.