‘जे लिहिलंय ते द्या ना’ म्हणणाऱ्यांसाठी

क्लिनिकला फोन केला की रिसेप्शनवर जे कोणी उचलतं ते एकच वाक्य बोलतं, ‘जे लिहिलंय ते द्या ना’. अहो पण काय लिहिलंय तेच तर विचारतोय! मी फार्मसिस्ट आहे, आणि गोळ्या द्यायला इतका वेळ का लागतो असं वाटणाऱ्यांसाठी एक केस सांगतो.

एक दादा आईचं प्रिस्क्रिप्शन घेऊन आले. नाव, वय, तारीख, डॉक्टरांची सही, सगळं होतं, तिथे काही अडलं नाही. पहिलं औषध मेथोट्रेक्सेट 7.5 मिलिग्रॅम, पुढे ओ आणि त्यानंतर एक वळसा. तो वळसा डी असेल तर रोज एकदा, डब्ल्यू असेल तर आठवड्यातून एकदा. खाली ‘चार आठवडे’. एकूण गोळ्या किती द्यायच्या ते लिहिलेलंच नाही.

आता हे औषध संधिवाताला आठवड्यातून एकदाच देतात. तोच डोस रोज घेतला तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कमी होतात, जीवही जातो, आणि तसं झालेलं आहे. 2.5 च्या गोळ्या धरल्या तर एका डोसला तीन, म्हणजे आठवड्याच्या हिशोबाने बारा गोळ्या आणि रोजच्या हिशोबाने चौऱ्याऐंशी. संशय आला की मी आधी हा गुणाकार करतो, आकडा विचित्र आला की लगेच कळतं. त्या प्रिस्क्रिप्शनवर फॉलिक ॲसिडही होतं, जे संधिवाताच्या पेशंटला याच्याबरोबर देतातच, म्हणजे माझा अंदाज आठवड्याचाच होता. पण अंदाजावर लेबल लिहायचं नसतं. दादांना विचारलं, आधी कधी घेतलंय का, तर म्हणाले पहिल्यांदाच, आणि आजार काय तर ‘सांधे दुखतात’. म्हणजे जुन्या चिठ्ठीवरून पडताळायचीही सोय नाही.

मग फोन. रिसेप्शनवरून ते वरचं वाक्य. मी म्हटलं डॉक्टरांशीच बोलायचंय, तर ‘ते पेशंट बघतायत’. परत लावला तर दुसरंच कोणीतरी, ते म्हणालं ‘हां हां, रोजच असेल’. असेल?! या ‘असेल’वर मी औषध देत नाही, डोसचं उत्तर ज्यांनी लिहिलंय त्यांच्याकडूनच किंवा त्यांच्या जागी असलेल्या डॉक्टरांकडूनच घ्यायचं. इकडे दादा घड्याळ बघतायत, मागे रांग वाढतेय, रांगेतून कोणीतरी बोललं की दुसऱ्या दुकानात जा. मी त्यांना सरळ सांगितलं, फॉलिक ॲसिड आत्ता देतो, हे एक औषध थांबवतोय, चुकून रोज घेतलं गेलं तर आईला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागेल. त्यानंतर ते शांत बसले. कारण सांगितलं की माणसं थांबतात, ‘प्रॉब्लेम आहे’ एवढंच म्हटलं की भांडतात.

थांबलेच होते म्हणून विचारलं, आई अजून काय काय घेते? त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं आयबुप्रोफेन दिवसातून तीनदा आणि पॅरासिटामॉल 650 तीनदा. आणि नव्या चिठ्ठीत काय, तर ॲसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल 325 ची एकत्र गोळी, दोनदा. पॅरासिटामॉलची बेरीज केली, 1950 आणि 650 मिळून 2600 मिलिग्रॅम, मोठ्या माणसाच्या 4000 च्या मर्यादेत बसतं. पण आयबुप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅक एकाच गटातली, नावं वेगळी म्हणून डुप्लिकेशन पटकन दिसत नाही. दोन्ही मिळून पोटाला आणि किडनीला त्रास, आणि किडनी मंदावली की मेथोट्रेक्सेट अंगात साठतं. म्हणून ब्रँडची नावं नाही, आतले घटक वाचायचे. आणि ‘अजून काय घेता’ हा प्रश्न फोन लावायच्या आधीच विचारावा, म्हणजे एका फोनमध्ये सगळं उरकतं.

शेवटी डॉक्टर फोनवर आले. ‘आठवड्यातूनच ना?’ असं विचारायचं नाही, घाईत माणूस हो म्हणून मोकळा होतो. मी विचारलं, ‘मेथोट्रेक्सेट किती आणि कधी?’ म्हणाले 7.5, आठवड्यातून एकदा, सोमवारी. तेच मी परत वाचून दाखवलं. दोन पेनकिलरचं सांगितल्यावर ते म्हणाले आयबुप्रोफेन बंद करा. किडनीच्या टेस्टचं विचारलं, तर झालीय, नॉर्मल आहे. फॉलिक ॲसिड शुक्रवारी. तारीख, वेळ, कोण बोललं, काय बदललं हे सगळं चिठ्ठीच्या मागे लिहून सही केली.

2.5 च्या बाराच गोळ्या दिल्या. याच्या 10 च्याही गोळ्या मिळतात, म्हणून पाकिटावरची स्ट्रेंग्थ परत वाचली. लेबलवर ‘दर सोमवारी 3 गोळ्या, रोज नाही’, आणि दादांकडून तोंडी वदवून घेतलं. तोंडात फोड, घसादुखी, ताप किंवा अंगावर निळे डाग दिसले तर पुढचा डोस न घेता लगेच डॉक्टरांना फोन, हेही लिहून दिलं. ते म्हणाले, आधीच्या आयबुप्रोफेनची अर्धी स्ट्रिप घरी आहे, तिचं काय करू? म्हटलं, आईच्या डब्यातून आजच काढून ठेवा.