बीममधलं भोक आणि गुरुवार संध्याकाळ पाच

चौथ्या स्लॅबचं लोखंड बांधून झालं होतं, कव्हर ब्लॉक लावले होते, इलेक्ट्रिशियनचे पाइपही टाकून झाले होते. अडलं होतं ते एका बीमपाशी. किचनच्या सांडपाण्याचा 75 मिलिमीटरचा पाइप त्या बीममधून आडवा काढायचा होता, आणि त्यासाठी 110 ची स्लीव्ह, म्हणजे पाइपचाच एक तुकडा, काँक्रीट भरण्याआधी बीममध्ये बसवायला हवी होती. प्लंबिंगवाल्यांनी जागा दाखवली होती कॉलमच्या तोंडापासून 450 मिलिमीटरवर. बीम 230 बाय 600 चा. आमच्या डिझाइन विभागातल्या सरांची सही झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही हा नियम, आणि तो योग्यच आहे.

कागद सरांकडे जाऊन बराच काळ झाला होता. ग्रुपवर मी विचारलं, "सर, तेवढं स्लीव्हचं बघता का?" अंगठा आला. पुन्हा विचारलं, पुन्हा अंगठा. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कामाचे निर्णय मागण्याची ही पद्धत आमच्या धंद्याचं फार नुकसान करते असं माझं ठाम मत आहे. अंगठ्याचा अर्थ "पाहिलं" की "करतो" की "करा", हे ज्याचं त्याने ठरवायचं. उद्या काही झालं तर तिसरा अर्थ साइट इंजिनिअरच्या गळ्यात येतो.

इकडे ठेकेदार म्हणाला, "मॅडम, भरून टाकू. भोक नंतर कोअर कटिंगने मारू." असं पुष्कळ ठिकाणी चालतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. भूकंपरोधक बांधणीत बीमच्या दोन्ही टोकांना, कॉलमच्या तोंडापासून बीमच्या प्रभावी खोलीच्या दुप्पट अंतरापर्यंत, सळ्यांभोवतीच्या लोखंडी रिंगा कमी अंतरावर बांधाव्या लागतात. आमच्या बीमची प्रभावी खोली साधारण 550, म्हणजे सुमारे 1100 मिलिमीटरचा पट्टा. त्यात आमच्या रिंगा 100-100 वर होत्या. 450 वरचं भोक बरोबर या पट्ट्यात येतं. नंतर मशीन लावलं तर 110 च्या भोकात एखादी रिंग कापली जाणारच, आणि तीही शिअर, म्हणजे बीमला कापू पाहणारा जोर, सगळ्यात जास्त असतो तिथली. वर प्लास्टर झाल्यावर ते कोणाला दिसतही नाही. ठेकेदाराला मी नाही म्हटलं.

ऑफिसातल्या एकाने सुचवलं, साहेबांना कॉपीत ठेवून मेल टाक, लगेच हलतील. तेही मी केलं नाही. सर कामचुकार नाहीत. एकाच वेळी चार साइटचं डिझाइन त्यांच्या टेबलावर असतं. शिवाय वरून दाब आला की माणूस सही करतो, विचार करत नाही, आणि मला हवा होता त्यांचा विचार.

म्हणून बुधवारी सकाळी फक्त त्यांना मेल लिहिला. आम्ही मराठीत बोलतो, म्हणून मराठीतच:

"सर, नमस्कार. चौथ्या स्लॅबच्या किचनलगतच्या बीममधल्या स्लीव्हबद्दल तुमचा निर्णय हवा आहे. स्केच आणि जागेवरच्या रिंगांचा फोटो पुन्हा जोडते आहे. बाकी स्लॅब तयार आहे. या स्लीव्हमुळे सुतारांना बीमची बाजूची प्लेट बंद करता येत नाही. फिटर आणि सुतार मिळून 14 माणसं थांबून आहेत, त्यांची बसून हजेरी आणि सेंटरिंगचं भाडं धरून रोजचे सुमारे 15,000 रुपये जातात. शनिवारी सकाळी भरायचं तर प्लांटला शुक्रवारी सकाळी ऑर्डर द्यावी लागेल, नाहीतर पुढचा नंबर मंगळवारचा. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवू शकाल का? ही जागा चालणार नसेल तर तसंही कळवा, मी प्लंबिंगवाल्यांना जागेवरच घेऊन बसते. गुरुवार जमणार नसेल तर आजच सांगा, म्हणजे माणसं खाली रिटेनिंग वॉलवर लावते आणि मंगळवारचं बुकिंग करते. तुमच्यावर कामाचा किती भार आहे याची कल्पना आहे."

15,000 हा आकडा मी ठेकेदाराबरोबर बसून काढला होता. त्याने आधी मोठा आकडा सांगितला, कारण त्याच्या हिशेबात पाचव्या स्लॅबचा उशीरही धरला होता. तो उशीर खराच आहे. स्लॅब भरल्यावरही टेकू लगेच निघत नाहीत: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखाली किमान 7 दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली 14 दिवस ठेवावे लागतात. आज अडकलेलं साहित्य पुढेही तितकंच उशिरा सुटतं. पण तो आकडा मेलमध्ये घातला नाही. ज्याचा हिशेब एका ओळीत दाखवता येत नाही तो खर्च समोरच्याला धमकीसारखा वाटतो.

त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण मोकळा. म्हणाले, "ती जागा चालणार नाही, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. पण नुसतं नाही कसं पाठवू? दुसरी जागा द्यायला हवी, आणि ती काढायला बसायला वेळ मिळेना." मला फार वाईट वाटलं. सगळे त्यांच्याकडे मंजुरी मागत होते, आणि त्यांच्याकडे होता नकार. तो पहिल्या दिवशी नुसता तोंडी मिळाला असता तरी मी प्लंबरला घेऊन पर्याय शोधायला लागले असते.

फोनवरच आम्ही स्केच उघडलं. बीमचा गाळा 4.8 मीटर. सरांनी स्लीव्ह मधल्या तिसऱ्या भागात, कॉलमपासून 1.6 मीटरवर, उंचीच्या मध्यावर घ्यायला सांगितली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जादा रिंगा. गुरुवारी दुपारी सहीचं ड्रॉइंग आलं, पाचच्या आधी. प्लंबर कुरकुरला, कारण पाइप 1.15 मीटरने लांबला. 60 ला 1 उतार धरला तर शेवटाला पाइप 19-20 मिलिमीटर खाली येतो. फॉल्स सीलिंगमध्ये तेवढी जागा होती. टेप लावून दाखवल्यावर तो गप्प झाला.

स्लीव्ह बसवताना मी तिथेच उभी होते. फिटरने आत कागदाचे बोळे गच्च भरले, दोन्ही तोंडं टेपने बंद केली, आणि व्हायब्रेटरने हलू नये म्हणून तारेने रिंगांना चारही बाजूंनी बांधली. शनिवारी स्लॅब भरला.

माझ्या डोक्यात अजून आमचा तपासणीचा फॉर्म आहे. त्यात "पाठवल्याची तारीख" हा रकाना आहे, "मिळाल्याची तारीख" आहे, "मंजूर" आहे. उत्तर कधीपर्यंत हवं आणि नंतर काय अडेल, याला जागाच नाही. नाकारायचं असेल तर कारणाला एक ओळ. मी दोन रकाने वाढवायची मागणी केली. फॉर्म गुणवत्ता विभागाने मंजूर केलेला आहे, बदलता येणार नाही, असं उत्तर आलं. हे उत्तर मला पटलेलं नाही आणि मी पुन्हा मागणार आहे. तोवर पाचव्या स्लॅबच्या स्लीव्हचा कागद, लोखंड बांधायला सुरुवात व्हायच्या आधीच, सरांकडे गेला आहे. शेऱ्याच्या जागेत मी पेनाने तारीख घातली आहे आणि खाली लिहिलं आहे: "नको असेल तर नुसतं नको कळवा, जागा आपण मिळून शोधू."