पुढची थप्पी आणि मागची थप्पी

मार्चअखेर आली की मी गोदामं हिंडतो. एरवी दुकानांचे हिशेब लिहायचं काम, पण वर्षाचा शिल्लक माल मोजताना मालकाच्या वहीवर किंवा स्क्रीनवर मी भरवसा ठेवत नाही. त्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका टाइल्सवाल्या शेठजींकडे गेलो. शेठ आधीच सांगून मोकळे झाले, "आपल्याकडे डेड माल नाही. टॅलीत बघून घ्या."

बघितलं. टॅलीतल्या Ageing Analysis मध्ये, म्हणजे माल किती जुना ते दाखवणाऱ्या रिपोर्टमध्ये, बाथरूमच्या भिंतीची 12 बाय 18 आयव्हरी टाइल होती 140 पेट्या, आणि सगळ्या दोन महिन्यांच्या आतल्या. रिपोर्ट एकदम स्वच्छ.

गोदामात मामा होते, वीसेक वर्षं हमालीपासून सगळं बघणारे. मी त्यांना म्हटलं, आयव्हरी कुठे आहे ते दाखवा. दारालगतची ऐंशी पेट्यांची थप्पी कोरी करकरीत. तिच्या मागे, भिंतीला टेकून, उरलेल्या साठ. खालच्या खोक्यांचा पुठ्ठा ओलीने बसलेला. मोबाइलचा उजेड धरून पेटीच्या बाजूचे शिक्के वाचले, तर डिझाइन नंबर एकच, पण बॅच वेगवेगळ्या. कुठे तीन पेट्या, कुठे पाच, कुठे अकरा. काही शिक्के दोन वर्षांपूर्वीचे.

टॅली चुकत नव्हती. जुना माल आधी गेला असं धरून ती वय मोजते. शिल्लक राहिलेल्या पेट्यांना सगळ्यात अलीकडची खरेदी चिकटवते. पण गोदामात माणूस हाताला येईल ती पेटी उचलतो, म्हणजे दारालगतची, नवी. त्यात टाइलचं असं की गिऱ्हाइकाला पूर्ण भिंत एका बॅचची लागते, कारण दर भट्टीला रंगात थोडा फरक पडतोच. मागच्या पाच पेट्यांत भिंत होत नाही, म्हणून नवी थप्पी फोडली जाते आणि मागची पाच आणखी मागे जातात.

त्या पेट्या आल्या कुठून, हे मामांनीच सांगितलं. "गिऱ्हाईक काम झाल्यावर दोन-तीन पेट्या परत आणतं. आपण घेतो. आणि गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांतून येणारी गाडी पूर्ण भरायची म्हणून शेठ दोन डिझाइन जास्तीचे टाकतात." परत आलेली पेटी टॅलीत मूळ आयटममध्ये जमा होते, बॅच कुणी लिहीत नाही. आयटम चालू, त्यातली बॅच मेलेली.

मग मी आणि मामांनी वयाचा नाद सोडून दिला आणि प्रत्येक थप्पीला एकच प्रश्न विचारला: हिच्यात काय पुरं होतं? 12 बाय 18 च्या पेटीत सहा टाइल, म्हणजे पावणेनऊ चौरस फुटांच्या आसपास. दहा फुटांचा ओटा, त्यावर दोन फूट उंच टाइल लावायची तर वीस चौरस फूट. तीन पेट्यांत काम होतं, कापाकापी धरून. पाच बाय सातचं बाथरूम सात फुटांपर्यंत लावायचं तर दरवाजा वगळून दीडशे चौरस फूट, म्हणजे सतरा-अठरा पेट्या आणि वर एखादी फुटतुटीला. खडूने थप्पीवर लिहीत गेलो: "ओटा १", "ओटा १", "संडास अर्धी उंची". आधी पेट्या उघडून बघितल्या. टाइल दोन बोटांवर लटकती धरून ठोकली की चांगली खणखणते, चीर असेल तर बद्द वाजते. तशा बाजूला काढल्या.

खरी अडचण वेगळीच निघाली. भिंतीच्या टाइलमध्ये एका डिझाइनचे फिकी, गडद आणि नक्षीची हायलाइटर असे तीन भाग असतात. एका डिझाइनच्या फिक्या अकरा, गडद दहा, हायलाइटर शून्य. दुसऱ्याच्या नुसत्या हायलाइटरच्या चौदा पेट्या. यातला एक भाग संपला की उरलेले दोन्ही अडकतात, आणि डिझाइन बंद झालं की कारखाना तुमच्यासाठी चार पेट्या भाजत बसत नाही. वर्षभर न विकलेल्या मालाच्या यादीत हे उशिराच दिसतं. त्यापेक्षा एक भाग संपत आला की त्याच दिवशी बाकीचे दोन संथ झाले असं धरावं.

सगळ्या गोदामात मिळून अशा मालाची खरेदी किंमत निघाली 2,80,000 रुपये. शेठ म्हणाले, "पडून राहू दे, खातोय थोडाच." बँकेकडून घेतलेल्या त्यांच्या कॅश क्रेडिटच्या कर्जावर 11 टक्के व्याज होतं. वर्षाला तीस हजारांवर खातोय, गोदामाचं भाडं वेगळं, असं कागदावर मांडून दाखवल्यावर ते गप्प झाले.

सरसकट सूट लावू नका, एवढं मी अडून सांगितलं. "सेल" म्हटलं की गिऱ्हाईक चालू डिझाइनवरही तोच भाव मागतं. त्या अकरा-दहाच्या जोडीला चालू डिझाइनचा मिळताजुळता हायलाइटर लावला, दर्शनी फळीवर तीन ओळी चिकटवून ठेवल्या आणि एका बाथरूमचा पूर्ण सेट म्हणून विकायला काढला. पेटीची खरेदी 190, नेहमीचा भाव 250, आम्ही 215 लावला. महिन्याभरात गेला, पदरचं काही न जाता. ओट्याच्या तीन-तीन पेट्या भाड्याच्या खोल्या बांधणाऱ्या एका ठेकेदाराने खरेदीच्या भावात उचलल्या. प्रत्येक खोलीचा ओटा वेगळा दिसला तरी त्याला चालत होतं. बिलावर बॅच लिहिली, माल दाखवून दिला, परत घेणार नाही असंही लिहिलं. एका भिंतीवर दोन बॅच मात्र खपवायला जाऊ नये. सुकल्यावर फरक दिसतो आणि गिऱ्हाईक गवंड्याला घेऊनच दुकानात येतं.

काही पेट्या मामांनी हलवूच दिल्या नाहीत. गावात ज्या डिझाइनची पन्नास बाथरूमं झाली, तिथे पाइप गळला की लोक चार टाइल मागत येतात, आणि तेव्हा कुणी घासाघीस करत नाही. म्हणून भरपूर खपलेल्या डिझाइनची एकेक पेटी ठेवायची, नगावर पुऱ्या भावाने विकायची. हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

चौदा पेट्या हायलाइटर राहिल्याच. शेठना त्या देवळाच्या हातपाय धुवायच्या जागेला द्यायच्या होत्या. म्हटलं, द्या, पण फुकट दिलेल्या किंवा मोडीत काढलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं. तोट्यात विकलेल्या मालाला ते लागू नाही, तिथे मिळालेल्या किमतीवर कर भरला की झालं. शेठनी सहा पेट्या देवळाला दिल्या आणि तेवढं क्रेडिट उलटवलं. उरलेल्या आठ पेट्या लॉट उचलणाऱ्याला साठ रुपयांनी गेल्या. पेटीमागे 130 चा तोटा, सगळा मिळून हजाराच्या थोडा वर.

त्यानंतर टॅलीत Maintain in batches चालू केलं आणि परतीला पंधरा दिवसांची मुदत घातली, तीही त्या बॅचचा माल दुकानात असेल तरच. मोरबीची गाडी मात्र शेठ अजून भरूनच मागवतात.