पोटरीची सूज आणि नोटमधला चौथा भाग

ठाण्यातल्या माझ्या दवाखान्यात दुपारची वेळ व्हिडिओ कॉलसाठी असते. त्या दिवशी ऐरोलीहून एका ताईंचा कॉल आला. वय ४६. कोकणातून रात्रभर बसने परतल्या होत्या, आणि दोन दिवस उजवी पोटरी सुजून दुखत होती. मोबाइल मुलीने धरला होता. आधी घरचा पत्ता आणि मुलीचा नंबर लिहून घेतला. कॉल मध्येच तुटला आणि रुग्णवाहिका पाठवावी लागली, तर तेच उपयोगी पडतं.

मुलीला शिवणाची टेप आणायला सांगितली. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजल्या: उजवी ३८, डावी ३४.५. फरक तीनपेक्षा जास्त असला की खोल शिरेत गुठळीचा संशय घ्यावाच लागतो. बोट दाबल्यावर सुजेत खड्डा राहत होता. श्वास मिनिटाला १८, बोलताना धाप नव्हती.

आमच्या सॉफ्टवेअरच्या तयार साच्यात ‘छाती स्वच्छ, पायाची नाडी लागते’ हे आधीच भरलेलं येतं. ते आधी पुसलं. मग नोटचे चार भाग केले: ताईंनी सांगितलेलं, मला पडद्यावर दिसलेलं, मुलीने मोजलेलं, आणि तपासता न आलेलं. चौथ्या भागात लिहिलं: ‘पोटरीचा गरमपणा, शिरेच्या मार्गावर दाबल्यावर दुखणं, पावलाची नाडी, स्टेथोस्कोपने छाती: तपासता आलं नाही. ऑक्सिमीटर घरी नाही. त्यामुळे पायातली गुठळी किंवा ती फुफ्फुसात गेल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ हे शेवटचं वाक्य मी कधीच गाळत नाही. गुठळीची शक्यता ठरवायच्या वेल्स गुणांकनात दाबल्यावर दुखण्याला एक गुण आहे. ती जागा कोरी राहिली, तर पुढचा डॉक्टर तिथे शून्य धरू शकतो.

पुढचं नियोजन त्यातूनच निघालं. आजच, जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत प्रत्यक्ष तपासणी आणि पायाची डॉप्लर सोनोग्राफी. सोबत मुलगी. शेजारच्या काकू तेलाने पोटरी चोळून देणार होत्या, त्याला स्पष्ट मनाई. धाप, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त किंवा चक्कर आली तर वाट न पाहता १०८. सात वाजता मी फोन करणार. उचलला नाही तर मुलीच्या नंबरवर. ताईंकडून हे सगळं परत म्हणवून घेतलं, तेही नोंदवलं आणि नोट मुलीच्या मोबाइलवर पाठवली.

सातच्या आधीच कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी चौथा भाग वाचून सुरुवात तिथूनच केली होती: ऑक्सिजन ९७, छाती स्वच्छ, पावलाची नाडी लागते. डॉप्लरमध्ये गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी होती. ताईंना दाखल करून रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं. मी दुपारचा मजकूर तसाच ठेवला आणि त्याखाली वेळ घालून लिहिलं, काय प्रत्यक्ष तपासलं गेलं आणि कोणी.