शिबिराच्या सूचनेतील दोन शब्द

फोंडा तालुक्यातील आमच्या देवस्थानात जत्रेच्या आधीच्या एका रविवारी दरवर्षी मोफत आरोग्य शिबिर भरत असे आणि त्याची सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. ती देवळाच्या फलकावर, पंचायतीत आणि पिंपळकट्ट्याजवळच्या दुकानात लागत असे. पहिल्या वर्षी मी ‘उपाशीपोटी यावे’ एवढेच लिहून मोकळा झालो.

त्या सकाळी अग्रशाळेतील रांगेत बसलेल्या एका काकांना साडेनऊच्या सुमारास दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि विचारलेल्या प्रश्नाला ते भलतेच उत्तर देऊ लागले. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पाहिले, तर साखर ५४ होती. ते शुद्धीवर होते आणि त्यांना गिळता येत होते, म्हणून डॉक्टरांनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यांना पाजली. पंधरा मिनिटांनी आकडा ८८ वर आला, तेव्हा प्रसादासाठी आणलेली केळी त्यांना खायला दिली. त्यांनी सूचना तंतोतंत पाळली होती. काही खाल्ले नव्हते, पण मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची रोजची गोळी मात्र घेतली होती. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, हे मला त्या दिवशी डॉक्टरांकडून कळले.

पुढच्या वर्षापासून सूचना लांबली. ‘आदल्या रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास काही खाऊ नये, साधे पाणी चालेल, चहा चालणार नाही. मधुमेहाची सकाळची गोळी सोबत आणावी व चाचणीनंतर न्याहारीबरोबर घ्यावी. इन्शुलिन घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. रक्तदाबाची गोळी नेहमीप्रमाणे घ्यावी.’ तरीही ‘हांवें फक्त च्या घेतला’ म्हणणारे दरवर्षी भेटतच. त्यांच्या कागदावर ‘उपाशी नाही’ अशी नोंद करावी लागे, कारण १२६ किंवा त्याहून अधिक साखर म्हणजे मधुमेहाची शंका, हा निकष केवळ उपाशीपोटीच्या चाचणीला लागू पडतो.

जुन्या चिठ्ठ्यांबरोबर गोळ्यांची पाकिटेही आणावीत, ही ओळ ‘पांढरी बारीक गोळी’ एवढेच सांगणाऱ्यांसाठी होती. डोळे तपासून घेणाऱ्यांनी कोणाला तरी सोबत आणावे, असेही लिहीत असू. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते आणि त्या अवस्थेत स्कूटर चालवणे धोक्याचे असते.

दुसरा शब्द माझ्या लक्षातच आला नव्हता. सूचनेची सुरुवात ‘सर्व भाविकांना कळविण्यात येते’ अशी होती. पलीकडच्या वाड्यावरून रोज पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला मी एकदा विचारले, ‘तुम्ही का आला नाहीत?’ तो म्हणाला, ‘ते तुमच्या भाविकांचे ना?’ त्यानंतर मी ‘अठरा वर्षांवरील कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही गावच्या व्यक्तीने यावे’ असे लिहू लागलो आणि एक प्रत त्याच्या सायकलीच्या टोपलीला बांधून दिली. त्या वर्षी तो पाव वाटून झाल्यावर, काहीही न खाता, रांगेत सर्वांत आधी येऊन बसला होता.