नव्या रोगाचं नाव ठरतं कसं?

*मंकीपॉक्सचं एमपॉक्स झालं, मग चांदीपुरा अजून चांदीपुराच कसा? गावाचं, माणसाचं, प्राण्याचं नाव द्यायला नेमकी हरकत काय, आणि हे ठरवतं कोण?*

आधी हरकतीचं बघू. कुणाची मनं दुखावू नयेत एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात हा विषय निघाला की मी पहिल्यांदा इजिप्तचं उदाहरण देते.

२००९च्या एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत नवा फ्लू सापडला. त्या विषाणूची जनुकं डुकरांमधल्या फ्लूशी जुळत होती, म्हणून सगळे त्याला स्वाइन फ्लू म्हणू लागले. पण तो पसरत होता माणसाकडून माणसाला, खोकल्याशिंकेतून. इजिप्तमध्ये तेव्हा एकही रुग्ण नव्हता, तरी सरकारने देशातली सगळी डुकरं मारायचा हुकूम सोडला. सुमारे तीन लाख. यातली बरीचशी कैरोतल्या कचरा गोळा करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांची होती. ही माणसं घरोघरचं खरकटं नेऊन डुकरांना घालत आणि त्यावर त्यांचा संसार चाले. डुकरंच गेल्यावर खरकटं उचलून करायचं काय? काही महिन्यांत कैरोच्या रस्त्यांवर कचरा कुजायला लागला. फ्लू यायचा तो आलाच. नावामुळे सरकारचं लक्ष भलतीकडे गेलं, ही माझ्या मते खरी हरकत.

गावाच्या नावाची गोष्ट जरा वेगळी. १९९३मध्ये अमेरिकेच्या नैऋत्येला धडधाकट तरुण माणसं अचानक धाप लागून दगावू लागली. सुरुवातीचे काही रुग्ण नवाहो या आदिवासी समाजातले होते, त्यामुळे वर्तमानपत्रांनी ‘नवाहो फ्लू’ म्हणून टाकलं आणि लोक नवाहो माणसांना टाळू लागले. विषाणू एका जातीच्या उंदराच्या मलमूत्रातून येत होता, त्याला माणसाच्या जमातीशी काही देणंघेणं नव्हतं. पुढे विषाणूला तिथल्या एका दरीचं नाव सुचवलं, तेही नवाहो लोकांना नको होतं. शेवटी कंटाळून म्हणा किंवा गमतीने म्हणा, स्पॅनिशमध्ये ‘सिन नोम्ब्रे’ ठेवलं, म्हणजे बिननावाचा. आजही तेच चालतं.

माणसांच्या नावाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चागास रोग म्हटल्याने ब्राझीलच्या कार्लोस चागास यांचा मान राहतो, पण कुठल्या डॉक्टरला त्यातून लक्षण, अवयव किंवा जंतू यांपैकी काहीही कळत नाही.

हे सगळं साचत साचत मे २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांच्या नावांसाठी लेखी सूचना काढल्या. प्राण्यांच्या आरोग्याची जागतिक संघटना आणि अन्न व शेती संघटना त्यात सोबत होत्या. गाव, देश, माणूस, प्राणी, खाद्यपदार्थ, समाज आणि व्यवसाय यांची नावं नकोत. ‘जीवघेणा’, ‘अज्ञात’ असे घाबरवणारे शब्दही नकोत. त्याऐवजी रोग कशाचा आहे (श्वसनाचा, मज्जासंस्थेचा, जुलाबाचा), किती तीव्र आहे, कुणाला होतो, जंतू माहीत असेल तर कुठला, हे सांगावं आणि नाव आटोपशीर ठेवावं. सूचनांचा सगळा भर पहिल्या दिवसांवर आहे. जो पहिल्यांदा रोगाची माहिती देतो त्यानेच नीट नाव वापरावं, कारण एकदा बातम्यांत रुळलेलं नाव मागे घेणं महाकठीण. कुणी वेडंवाकडं नाव वापरलंच, तर संघटना तात्पुरतं नाव सुचवते. पक्कं नाव रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयसीडीत नोंदलं जातं. हे वर्गीकरणही हीच संघटना सांभाळते.

इथे एक गोम आहे आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे. रोगाचं नाव आणि विषाणूचं नाव ठरवणारी मंडळी वेगळी. विषाणूंचं काम आयसीटीव्ही या शास्त्रज्ञांच्या समितीकडे आहे आणि ती बघते ती वंशावळ, म्हणजे कोणाची जनुकं कोणाशी किती जुळतात. ११ फेब्रुवारी २०२० या एकाच दिवशी दोन्ही घरांतून नावं बाहेर पडली. जागतिक आरोग्य संघटनेने रोगाला कोविड-१९ म्हटलं. समितीच्या कोरोना गटाने विषाणूला सार्स-कोव्ह-२ म्हटलं, कारण तो २००३च्या सार्सच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद. मग संघटना म्हणाली, सार्सची धास्ती आशियात अजून आहे, लोकांशी बोलताना आम्ही ‘कोविड-१९चा विषाणू’ एवढंच म्हणू. दोघांचं आपापल्या जागी बरोबर होतं, पण ऐकणाऱ्याच्या डोक्याचा भुगा!

मंकीपॉक्सचं तसंच झालं. १९५८मध्ये कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतल्या माकडांत हा विषाणू पहिल्यांदा सापडला, म्हणून ते नाव. निसर्गात तो बहुधा उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत राहतो. २०२२च्या साथीत तो माणसांच्या निकट संपर्कातून पसरत होता, तरी ब्राझीलमध्ये लोकांनी माकडांना मारलं, विष घातलं. ऑगस्टमध्ये आधी विषाणूच्या दोन शाखांची नावं बदलली. ‘काँगो खोरं’ आणि ‘पश्चिम आफ्रिका’ यांच्या जागी नुसते रोमन आकडे, एक आणि दोन. मग रोगाच्या नावासाठी लोकांकडून सूचना मागवल्या. त्यात थट्टेची नावंही पुष्कळ आली. ४५ देशांच्या सरकारी प्रतिनिधींचं मत घेतलं आणि निकष अगदी व्यवहारी ठेवले: उच्चार सोपा आहे का, वेगवेगळ्या भाषांत चालेल का, जुने शोधनिबंध शोधताना तुटणार तर नाहीत? आयसीडीतला बदल एरवी वर्षानुवर्षं रेंगाळतो, या वेळी तो घाईने केला. २८ नोव्हेंबर २०२२ला एमपॉक्स जाहीर झालं आणि वर्षभर दोन्ही नावं चालतील असं सांगितलं. मला विचाराल तर हे भित्रं नाव आहे, माकड नुसतं आखडून एका अक्षरात बसवलंय. पण शोधनिबंधांचा निकष बघितला की असं का केलं ते कळतं. आणि विषाणूच्या प्रजातीच्या शास्त्रीय नावात मंकीपॉक्स अजून आहेच, कारण ते घर वेगळं.

आता चांदीपुरा. १९६५मध्ये नागपूर भागात तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला (आजची एनआयव्ही) हा विषाणू सापडला आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे गावाचं नाव लागलं. २०१५च्या सूचना रोगांसाठी आहेत, विषाणूंसाठी नाहीत, आणि जुन्या नावांना आपोआप लागू होत नाहीत, त्यामुळे तो दुहेरी सुटला. समितीने अलीकडे सगळ्या विषाणूंना दोन शब्दी प्रजातीनामं दिली, त्यातही चांदीपुरा कायम राहिला. २०२४मध्ये गुजरातेत मुलं दगावली तेव्हा बातम्यांत नाव होतं नागपूरकडच्या एका खेड्याचं.

सूचनांचा हात कुठवर पोचतो, हे सिंधुदुर्गात दिसतं. दोडामार्ग, बांदा भागात ज्याला माकडताप म्हणतात, त्याचं पुस्तकी नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, तेही कर्नाटकातल्या एका जंगलावरून. रोग देते गोचीड. माकड स्वतःच त्याने मरतं. तरी हे नाव मला सरसकट मोडीत काढवत नाही. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात, त्यामुळे काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं की तिथे न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं असतं. माकडताप या नावामुळे निदान तेवढं तरी लोकांच्या लक्षात राहतं.